शाफ्ट ड्राइव्ह मोटारसायकलमधील अंतिम चालनाचे तेल

अंतिम चालनाचे तेल म्हणजे शाफ्ट ड्राइव्ह असलेल्या मोटारसायकलच्या मागील चाकाजवळील दंतचक्रपेटीत भरलेले गिअर ऑइल होय. साखळीऐवजी फिरत्या दांड्याने मागच्या चाकाला गती देणाऱ्या मोटारसायकलींत ही पेटी असते. तिच्यातील दाते आणि बेअरिंगे यांचे वंगण हे या तेलाचे मुख्य कार्य आहे. त्याचे प्रमाण अत्यंत अल्प, बहुधा पाव लिटर किंवा त्याहूनही कमी असते. त्यामुळे तेलाची प्रत, त्याचे माप आणि बदलण्याचा कालावधी या तिन्ही बाबतींत इंजिन तेलाचे ठोकताळे येथे लागू पडत नाहीत.

या विषयाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण बीएमडब्ल्यू आर १२०० जीएस या मोटारसायकलीचे आहे. २००४ साली बाजारात आलेल्या या गाडीच्या अंतिम चालनातील तेल गाडीच्या संपूर्ण आयुष्यासाठी पुरेसे आहे, असे निर्मात्याने सुरुवातीस ठरवले होते. पुढे ही भूमिका बदलून तेल ठराविक अंतराने बदलण्याची सूचना देण्यात आली. प्रस्तुत लेखातील तपशील प्रामुख्याने या गाडीच्या २००४ ते २०१२ या काळातील हवा व तेल यांनी थंड होणाऱ्या आवृत्तीच्या आधारे दिले आहेत.

## रचना

गिअरबॉक्समधून निघालेला दांडा स्विंगआर्मच्या पोकळीतून मागे जातो. त्याच्या टोकाला पिनियन हे लहान दंतचक्र असते. ते क्राउन व्हील या मोठ्या दंतचक्रात अडकते आणि लांबीच्या दिशेने असलेली फिरकी काटकोनात वळवून चाकाला देते. ही जोडी, तिला धरून ठेवणारी बेअरिंगे आणि तेल बाहेर येऊ न देणारी सील हे सर्व ॲल्युमिनियमच्या एका पेटीत बसवलेले असतात. आर १२०० जीएसच्या वरील आवृत्तीत ही पेटी उजव्या बाजूस असून चाक पाच बोल्टांनी तिच्या फिरत्या भागावर बसते.

अंतिम चालन, गिअरबॉक्स आणि इंजिन यांची तेले एकमेकांत मिसळत नाहीत. बीएमडब्ल्यूच्या १९७० च्या दशकातील हवेने थंड होणाऱ्या गाड्यांत तर इंजिन, गिअरबॉक्स, दांड्याची नळी आणि अंतिम चालन अशा चार ठिकाणी स्वतंत्रपणे तेल भरावे लागत असे. १९८७ पासून आलेल्या पॅरालिव्हर रचनेत दांड्याची नळी कोरडी झाली. तिच्यातील सांध्यांना व खाचांना तेल मिळत नाही; त्यांना ग्रीस लावावे लागते. म्हणून अंतिम चालनाचे तेल बदलले म्हणजे दांड्याचेही वंगण झाले, हा समज चुकीचा आहे.

या पेटीत तेलाचा पंप नसतो आणि गाळणीही नसते. क्राउन व्हीलचा खालचा भाग तेलात बुडालेला असतो. ते फिरताना तेल वर उचलते आणि दातांवर व बेअरिंगांवर उडवते. झिजेतून निघालेले धातूचे कण पकडणारी गाळणी नसल्याने ते तेलातच फिरत राहतात. काही गाड्यांत निचऱ्याच्या बुचाला चुंबक असते, परंतु ते केवळ लोखंडी कण धरते. ॲल्युमिनियमचे कण, ओलावा आणि जळून निकामी झालेली रसायने पेटीबाहेर काढण्याचा एकमेव मार्ग म्हणजे तेल बदलणे हा होय.

## तेलाची प्रत

### दाटपणा

गिअर ऑइलचा दाटपणा एसएई या संस्थेच्या श्रेणीत सांगितला जातो. ही श्रेणी इंजिन तेलाच्या श्रेणीहून वेगळी आहे. गिअर ऑइलच्या डब्यावरील ९० हा आकडा पाहून ते ५० क्रमांकाच्या इंजिन तेलापेक्षा जवळजवळ दुप्पट दाट असावे, असा ग्रह होतो. प्रत्यक्षात १०० अंश सेल्सिअस तापमानाला ९० क्रमांकाचे गिअर ऑइल साधारणपणे ४० ते ५० क्रमांकाच्या इंजिन तेलाइतकेच दाट असते. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या ठेवण्यामागे एकाचा डबा दुसऱ्याच्या जागी वापरला जाऊ नये, हा हेतू आहे.

७५डब्ल्यू-९० अशा नावातील पहिला भाग थंडीतील वर्तन दर्शवतो. या मानकानुसार ७५डब्ल्यू तेल उणे ४० अंशांपर्यंत, ८०डब्ल्यू उणे २६ अंशांपर्यंत आणि ८५डब्ल्यू उणे १२ अंशांपर्यंत विहित मर्यादेपेक्षा अधिक घट्ट होत नाही. दुसरा भाग तापलेल्या अवस्थेतील दाटपणा सांगतो. महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात उणे ४० अंशांचा प्रश्न येत नाही. तेथे दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा ठरतो. तरीही निर्मात्याने ७५डब्ल्यू-९० सुचवले असल्यास तेच वापरणे इष्ट असते. हे तेल बहुधा पूर्णतः कृत्रिम असते आणि दीर्घकाळ तापूनही आपला दाटपणा अधिक चांगला टिकवते.

### जीएल क्रमांक

दाटपणाइतकाच महत्त्वाचा दुसरा निकष एपीआय या संस्थेचा जीएल क्रमांक हा आहे. क्राउन व्हील आणि पिनियन यांचे दाते एकमेकांवर केवळ लोळत नाहीत, ते घासतही जातात. या घासण्यात दातांमधील तेलाचा पापुद्रा तुटण्याइतका दाब निर्माण होतो. अशा वेळी गंधक व फॉस्फरस यांची संयुगे धातूच्या पृष्ठभागाशी अभिक्रिया करून एक पातळ थर तयार करतात आणि पोलाद पोलादाला चिकटू देत नाहीत. गिअर ऑइलला येणारा उग्र वास याच गंधकाचा असतो.

जीएल-४ तेलात ही संयुगे मध्यम प्रमाणात, तर जीएल-५ तेलात सुमारे दुप्पट असतात. त्यातील काही संयुगे उष्णतेत पितळ व कांस्य या धातूंना खातात. म्हणून पितळी भाग असलेल्या काही गिअरबॉक्समध्ये जीएल-५ वर्ज्य मानतात. अंतिम चालनाच्या पेटीत बहुधा असे भाग नसल्याने तेथे ही अडचण येत नाही. आर १२०० जीएससाठी निर्मात्याने जीएल-५ प्रतीचे ७५डब्ल्यू-९० कृत्रिम तेल सांगितले आहे. याउलट यामाहा एफजेआर १३०० या गाडीच्या जुन्या आवृत्त्यांसाठी एसएई ८० दाटपणाचे जीएल-४ हायपॉइड गिअर ऑइल सांगितले होते. दोन्ही गाड्या शाफ्ट ड्राइव्हच्याच आहेत, तरी प्रत भिन्न आहे. त्यामुळे 'शाफ्टच्या गाडीचे तेल' अशी एकच प्रत अस्तित्वात नाही. संबंधित गाडीची पुस्तिका हाच या बाबतीत अंतिम आधार ठरतो.

इंजिन तेल या पेटीत वापरू नये. त्याचा दाटपणा जुळला, तरी दाबाखाली थर तयार करणारी संयुगे त्यात पुरेशी नसतात. असे तेल घातलेली गाडी लगेच बंद पडत नाही, म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही. दातांच्या पृष्ठभागावर प्रथम ओरखडे आणि नंतर खड्डे पडतात. पुढे योग्य तेल घातले, तरी ते भरून येत नाहीत.

## तेलाचे प्रमाण

### माप ठरवण्याच्या दोन पद्धती

अंतिम चालनात तेल किती घालावे हे दोन प्रकारे ठरते. पहिल्या प्रकारात भरण्याचे छिद्र हीच पातळीची खूण असते. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल भरायचे आणि ते ओसंडू लागले की थांबायचे. बीएमडब्ल्यू आर ११५० जीएस या आधीच्या गाडीत ही पद्धत आहे. तीत तेल बदलताना सुमारे २३० मिलिलिटर तेल लागते. यामाहा एफजेआर १३०० मध्येही छिद्राच्या कडेपर्यंतच तेल भरतात आणि तेथे माप सुमारे २०० मिलिलिटर आहे.

दुसऱ्या प्रकारात छिद्राच्या पातळीला काही अर्थ नसतो; ठरलेले माप मोजूनच घालायचे असते. आर १२०० जीएस या दुसऱ्या प्रकारात मोडते. तिच्यात तेल बदलताना १८० मिलिलिटर तेल घालायचे असते. पेटी पूर्ण उघडून कोरडी केली असल्यास माप याहून थोडे अधिक असते. कारण सामान्य निचऱ्यानंतर काही तेल दातांवर, बेअरिंगांत आणि पेटीच्या कोपऱ्यांत उरतेच. नव्या तेलात ही शिल्लक मिळून पूर्ण माप होते. म्हणून पुस्तिकेत 'पहिले भरण' आणि 'तेल बदल' असे दोन आकडे दिलेले असल्यास तेल बदलताना दुसरा आकडा घ्यावयाचा असतो.

आर ११५० जीएसची सवय असलेल्या व्यक्तीने आर १२०० जीएसमध्ये छिद्र भरेपर्यंत तेल ओतणे, ही या गाडीच्या बाबतीत वारंवार घडणारी चूक आहे. बाहेरून पाहता काम नीट झालेले दिसते. तेल मात्र ठरल्यापेक्षा अधिक गेलेले असते.

### अधिक तेलाचे परिणाम

तेल कमी पडल्यास नुकसान होते हे सर्वांना ठाऊक असते. अधिक तेलाचे नुकसान तितकेसे ज्ञात नाही. क्राउन व्हील तेलात जितके खोल बुडेल, तितके ते तेल घुसळते. घुसळण्याने तेल तापते व त्यात फेस होतो. फेसाळ तेलात हवा असल्याने दातांमधील पापुद्रा कमकुवत होतो.

दुसरा परिणाम दाबाचा आहे. तेल दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०७ टक्के प्रसरण पावते. २० अंशांचे १८० मिलिलिटर तेल ९० अंशांपर्यंत तापले तर त्याचे आकारमान सुमारे ९ मिलिलिटरने वाढते. याच तापमानवाढीत बंदिस्त हवेचा दाब सुमारे एक चतुर्थांशाने वाढतो. पेटीत हवेसाठी ठेवलेली जागाच जादा तेलाने व्यापली असेल, तर वाढणाऱ्या तेलामुळे उरलेली हवा आणखी दाबली जाते आणि हा दाब अधिकच वाढतो. श्वासछिद्र असलेल्या पेटीतून तेल त्या छिद्रावाटे बाहेर फेकले जाते. ते नसेल किंवा चिखलाने बुजले असेल, तर दाब सीलवर येतो. सीलमधून निसटलेले तेल मागील चाकाकडे येते आणि ब्रेकच्या चकतीवर किंवा टायरवर पसरू शकते. असे झाल्यास प्रश्न यंत्राच्या झिजेपुरता उरत नाही. मागचा ब्रेक लागेनासा होतो किंवा वळणावर चाक घसरते.

## बदलण्याचा कालावधी

### आयुष्यभराचे तेल

आर १२०० जीएसच्या सुरुवातीच्या पेट्यांत तेल बदलण्याची सोय गृहीतच धरलेली नव्हती. तेल आयुष्यभरासाठी असल्याने पेटीच्या तळाशी सोयीचे निचरा-छिद्र ठेवले नव्हते. ज्यांना तेल बदलायचे असे ते पेटीचा वरचा आधारदांडा सोडवून ती खाली झुकवत आणि तेल काढत. नवे तेल चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या छिद्रातून घालावे लागे. या गाड्यांच्या अंतिम चालनातील बेअरिंगे व सील निकामी होण्याच्या तक्रारी पुढे आल्या. त्यानंतर निर्मात्याने तेलबदल देखभालीच्या वेळापत्रकात आणला, तसेच नंतरच्या पेट्यांत निचऱ्याचे बूच दिले.

बेअरिंग निकामी होण्यास जुळणीतील अंतर, भार आणि पाणी अशी अन्य कारणेही असतात. त्यामुळे प्रत्येक बिघाडाचा दोष तेलावर टाकता येत नाही. तथापि गाळणी नसलेल्या पेटीतील १८० मिलिलिटर तेलाकडून काय अपेक्षा करावी, हे तुलनेने स्पष्ट होते. याच गाडीच्या इंजिनात सुमारे ४ लिटर तेल असते. ते गाळणीतून सतत जाते आणि तरीही ठराविक अंतराने बदलले जाते. अंतिम चालनातील तेल त्याच्या सुमारे बाविसाव्या हिश्शाइतके असून त्याला गाळणी नाही.

### विहित अंतर

सुधारित वेळापत्रकानुसार पहिला तेलबदल १,००० किलोमीटरवर करायचा असतो. नवे दाते एकमेकांत बसताना त्यांच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि धातूची सर्वाधिक धूळ याच काळात निघते. म्हणून हा पहिला बदल पुढील कोणत्याही बदलापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. त्यानंतर २०,००० किलोमीटर किंवा २ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलतात.

या 'जे आधी येईल' अटीचा अर्थ गाडीच्या वापरानुसार बदलतो. वर्षाला ६,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे २ वर्षांत १२,००० किलोमीटर होतात. तेथे तेल वेळेमुळे बदलावे लागते. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला २०,००० किलोमीटर १६ महिन्यांतच होतात. तेथे अंतर निर्णायक ठरते. गाडी कमी चालली तरी तेल बदलण्याचे कारण ओलावा हे आहे. तापणे आणि गार होणे या क्रमात पेटी बाहेरची दमट हवा आत ओढते आणि तिच्यातील पाणी आत साठत जाते.

### पाण्यातून गेल्यावर

गाडी ओढ्यातून किंवा साचलेल्या पाण्यातून नेल्यास आणि मागील चाकाचा मध्य पाण्याखाली गेल्यास वरील वेळापत्रक लागू राहत नाही. तापलेली पेटी थंड पाण्यात बुडताच आतील हवा आक्रसते व दाब घटतो. त्यामुळे श्वासछिद्रातून किंवा सीलच्या कडेने पाणी आत खेचले जाते. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात अशी वेळ येऊ शकते. अशा प्रवासानंतर थोडे तेल काढून तपासावे लागते. ते दुधाळ दिसल्यास लगेच पूर्ण बदलावे लागते. पाणी मिसळलेल्या तेलात बेअरिंगांच्या गोळ्या व त्यांच्या वाटा गंजतात. गंजाचे सूक्ष्म खड्डे हीच पुढील झिजेची सुरुवात असते.

## तेल बदलण्याची पद्धत

पुढील क्रम निचऱ्याचे बूच असलेल्या नंतरच्या आर १२०० जीएसला अनुसरून दिला आहे. अन्य गाड्यांत बुचांची जागा वेगळी असली, तरी क्रम सामान्यतः हाच असतो.

प्रथम गाडी १० ते १५ किलोमीटर चालवून तेल कोमट करतात. थंड गिअर ऑइल घट्ट असल्याने नीट निथळत नाही. शिवाय चालवल्यामुळे तळाशी बसलेला गाळ तेलात मिसळून त्याच्याबरोबर बाहेर येतो. त्यानंतर गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करतात. मागील चाक काढल्यास बुचांपर्यंत हात सहज पोहोचतो आणि ब्रेकच्या चकतीवर तेल सांडण्याचा धोका डोळ्यांसमोर राहतो. चकतीवर कापड झाकतात.

यानंतर आधी भरण्याचे बूच सैल करतात आणि मगच निचऱ्याचे बूच उघडतात. हा क्रम उलटा केल्यास आणि भरण्याचे बूच गंजाने किंवा अतिकसल्याने अडकलेले निघाल्यास पेटी रिकामी झालेली असते, नवे तेल घालण्यास वाट नसते आणि गाडी जागच्या जागी अडकून पडते.

तेल मोजपात्रात काढून १५ ते २० मिनिटे निथळू देतात. निघालेले तेल मोजणे हा या कामाचा आवश्यक भाग आहे. मागील वेळी १८० मिलिलिटर घातले असेल आणि सुमारे १७० ते १८० निघाले तर पेटी घट्ट आहे. १२० मिलिलिटरच निघाले तर साठ मिलिलिटर कोठे गेले, याचा शोध नवे तेल घालण्यापूर्वी घ्यावा लागतो. अशा वेळी चाकाकडील मोठे सील, पिनियनकडील सील आणि दांड्यावरील रबरी आवरणाचा आतील भाग तपासतात. पिनियनचे सील गळत असल्यास तेल त्या आवरणात साठते आणि बाहेर दिसत नाही. याउलट २२० मिलिलिटर निघाले तर मागील वेळी ४० मिलिलिटर, म्हणजे मापाच्या सुमारे २२ टक्के, अधिक घातले गेले होते असे समजावे. तेल दुधाळ असेल तर ही वाढ पाण्याची असते.

बूच पुसून व नवे वॉशर किंवा रिंग घालून निचऱ्याचे छिद्र बंद करतात. पेटी ॲल्युमिनियमची असल्याने पोलादी बूच अधिक कसल्यास पेटीचे आटे जातात. म्हणून टॉर्क रेंच वापरून पुस्तिकेतील आकड्याइतकेच कसतात.

नवे तेल घालण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी ६० मिलिलिटरची मोठी सिरिंज आणि तिला जोडलेली पातळ नळी हे सर्वांत सोयीचे साधन ठरते. अशा तीन सिरिंज म्हणजे बरोबर १८० मिलिलिटर होतात. डब्यातून थेट अंदाजाने ओतल्यास इतक्या लहान मापात मोठी चूक होते. एक लिटरच्या डब्यात असे पाच बदल होतात आणि सुमारे १०० मिलिलिटर उरते. डबा घट्ट बंद ठेवला नाही तर उरलेले तेल हवेतील ओलावा घेते.

शेवटी भरण्याचे बूच लावून चाक बसवतात. या गाडीच्या चाकाचे पाच बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने ६० न्यूटन-मीटर इतके कसतात. चकती स्वच्छ आहे हे पाहून, चालवण्यापूर्वी मागील ब्रेक काही वेळा दाबून तपासतात. पहिल्या फेरीनंतर बुचांभोवती ओल दिसते का हे पाहतात. वापरलेले तेल गटारात किंवा जमिनीत न ओतता जुने तेल स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्यावे लागते.

## काढलेल्या तेलावरून निदान

काढलेले तेल हा पेटी न उघडता तिच्या अंतर्भागाची स्थिती सांगणारा एकमेव पुरावा असतो. पहिल्या १,००० किलोमीटरनंतरचे तेल करडे व चकाकणारे असणे अपेक्षित आहे. पुढील बदलांत ते गडद झालेले, पण पारदर्शकता काहीशी टिकवून असलेले दिसते. चुंबकी बुचावर ग्रीससारखा मऊ काळा लेप असणे स्वाभाविक आहे. हा लेप बोटांमध्ये चोळल्यास खरखर लागत नाही.

लेपात नखाला अडणारे कण, चपट्या कपच्या किंवा सुईसारखे तुकडे आढळल्यास बेअरिंगचा पृष्ठभाग सुटू लागल्याचे ते लक्षण आहे. अशा पेटीत नवे तेल घालून गाडी चालवत राहणे धोक्याचे असते. तेल बदलल्याने झिजेचा पुरावा निघून जातो, झीज थांबत नाही.

या निदानाला दोन तपासण्यांची जोड देतात. मधल्या स्टँडवर गाडी उभी करून मागील चाक घड्याळातील १२ आणि ६ या जागी धरून आलटून-पालटून ढकलतात. चाकात खडखड किंवा स्पष्ट हालचाल जाणवल्यास बेअरिंगमध्ये ढिलेपणा आला असण्याची शक्यता असते. दुसऱ्या तपासणीत गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने सावकाश फिरवतात. ते एकसारखे फिरण्याऐवजी ठराविक ठिकाणी अडखळत किंवा किरकिरत असल्यास पेटी उघडणे आवश्यक ठरते. चाकाच्या आतील बाजूस तेलाची ताजी ओल दिसत असल्यास, ढिलेपणा नसला तरी, सील बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.

## मर्यादा

वेळेवर तेल बदलल्याने दातांची व बेअरिंगांची झीज मंदावते. जुळणीच्या वेळी चुकीच्या अंतरावर बसवलेले बेअरिंग त्यामुळे सुधारत नाही. गळणाऱ्या सीलवर अधिक दाट तेल हा उपाय नाही. त्याने गळती काही काळ कमी दिसली, तरी सीलची झिजलेली कड तशीच राहते. तसेच पॅरालिव्हर दांड्याच्या सांध्यांची आणि खाचांची देखभाल हे वेगळे काम असून ते तेलबदलाच्या वेळीच उरकणे सोयीचे असते, कारण पेटी खाली झुकवल्यावर त्या खाचा दिसतात.

या लेखातील मापे ज्या गाड्यांच्या नावांसह दिली आहेत, त्यांनाच लागू होतात. २०१३ पासूनच्या पाण्याने थंड होणाऱ्या आर १२०० जीएसमध्ये शाफ्ट डाव्या बाजूस आला आणि अंतिम चालनाची पेटीही बदलली. त्यामुळे नाव तेच असले, तरी तेलाचे माप त्या गाडीच्या निर्मितीवर्षाच्या पुस्तिकेतूनच घ्यावे लागते.